पोळीपासून एटीपीपर्यंत: पेशीतलं बॅटरी बदलण्याचं दुकान

दिल्लीत किंवा नोएडात मेट्रो स्टेशनच्या बाहेर पडलात की ई-रिक्षांचा गराडा पडतो. बऱ्याच रिक्षांमध्ये सीटखाली 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. रात्री त्या चार्जिंगला लावायच्या आणि सकाळी बाहेर काढायच्या, हा जुना रिवाज. अलीकडे मात्र बॅटरी बदलून देणारी दुकानं निघाली आहेत. रिक्षावाला येतो, संपलेली बॅटरी देतो, भरलेली घेतो आणि दोन मिनिटांत पुढच्या सवारीला निघतो. संपलेली बॅटरी दुकानातच चार्जिंगला लागते. त्या दुकानाचा एक नियम असतो: रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही.

अकरावीच्या जीवशास्त्रात 'एटीपी म्हणजे पेशीची रिचार्जेबल बॅटरी' असं शिकवतात. उपमा चांगली आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. मग मुलांच्या डोक्यात असं चित्र बसतं की शरीरात कुठेतरी एटीपीचा मोठा साठा असतो आणि तो आपण हळूहळू वापरतो. खरं चित्र त्या दुकानासारखं आहे. बॅटऱ्या मोजक्याच, पण त्यांची अदलाबदल अखंड चालू.

किती मोजक्या? मोठ्या माणसाच्या शरीरात एका वेळी साधारण 50 ग्रॅम एटीपी असतं, म्हणजे एखाद्या अंड्याइतकं वजन. आता दिवसभरात लागतं किती, ते आपणच काढू. त्यासाठी एक पोळी घेऊ.

एका पोळीचा हिशेब

पोळी 25 ग्रॅम कणकेची आहे असं धरा. तिच्यातला स्टार्च आतड्यात पचला की ढोबळमानाने 18 ग्रॅम ग्लुकोज मिळतं. ग्लुकोजचा एक मोल म्हणजे 180 ग्रॅम, तेव्हा आपल्या हातात 0.1 मोल ग्लुकोज आलं. एका ग्लुकोजच्या रेणूतून पेशीला सुमारे 30 एटीपी मिळतात (पुस्तकात 38 वाचलं असेल, त्या भांडणाकडे पुढे येऊ). म्हणजे एका पोळीतून 3 मोल एटीपी. एटीपीचा एक मोल सुमारे 507 ग्रॅमचा. गुणाकार केला की उत्तर येतं दीड किलो!

पंचवीस ग्रॅम कणकेतून दीड किलो एटीपी निघेलच कसं? निघत नाही. दीड किलो 'नवं' एटीपी तयार झालेलंच नसतं. तेच 50 ग्रॅम पुन्हा पुन्हा भरलं गेलं, एका पोळीवर साधारण 30 वेळा. दिवसाला 2000 किलोकॅलरी अन्न खाणाऱ्या माणसासाठी हाच हिशेब लावला तर आकडा 44 किलोच्या आसपास जातो. एटीपीचा प्रत्येक रेणू दिवसातून आठ-नऊशे वेळा, म्हणजे दर दीड-दोन मिनिटांनी एकदा, रिकामा होऊन पुन्हा भरतो. हा सरासरी आणि ढोबळ आकडा आहे. धावताना स्नायूंमध्ये हा वेग कितीतरी वाढतो.

म्हणून एटीपीला 'साठा' म्हणू नका. साठा म्हणजे यकृतात आणि स्नायूंत असलेलं ग्लायकोजेन आणि कमरेभोवतीची चरबी. एटीपी ही हातात खेळणारी चिल्लर.

बॅटरी भरलेली म्हणजे नेमकं काय?

एटीपी म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. एका ॲडेनोसिनला शेपटीसारखे तीन फॉस्फेट जोडलेले असतात. या फॉस्फेटवर ऋण प्रभार असतात आणि ते एकमेकांना ढकलत असतात. पाण्याच्या मदतीने शेवटचा फॉस्फेट सुटला की उरतं एडीपी, ॲडेनोसिन डायफॉस्फेट, ही रिकामी बॅटरी. परत फॉस्फेट जोडला की ती भरली.

इथे उत्तरपत्रिकेत हमखास दिसणारं एक वाक्य आहे: 'बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.' रसायनशास्त्राच्या सरांना हे दाखवलंत तर ते वैतागतील, आणि त्यांचं बरोबर आहे. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा लागते. इथे ऊर्जा मिळते ती एकूण व्यवहारातून. एटीपी आणि पाणी यांच्यापेक्षा एडीपी आणि सुटा फॉस्फेट जास्त स्थिर असतात, त्या दोन अवस्थांमधला फरक आपल्या कामी येतो. प्रमाणित परिस्थितीत हा फरक एका मोलमागे 7.3 किलोकॅलरी मानतात. प्रत्यक्ष पेशीत तो 12 च्या आसपास जातो, कारण पेशी एटीपीचं प्रमाण एडीपीपेक्षा मुद्दाम बरंच जास्त ठेवते.

हा रेणू सापडला 1929 मध्ये, तोही दोन ठिकाणी. जर्मनीत कार्ल लोहमान यांना, आणि अमेरिकेत हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म 1895 चा. फॉस्फरस मोजायची फिस्के-सुब्बाराव पद्धत जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत भेटते, त्यातले हे सुब्बाराव. 1995 मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. पाठ्यपुस्तकात एटीपी शेकडो वेळा येतं, त्यांचं नाव मात्र सहसा येत नाही. म्हणून इथे थोडं थांबलो.

ग्लुकोज एकदम का जाळत नाही?

ग्लुकोज सरळ पेटवलं तर एका मोलमागे 686 किलोकॅलरी मुक्त ऊर्जा सुटते. सगळं समीकरण एका ओळीत मावतं:

C₆H₁₂O₆ + 6O₂ → 6CO₂ + 6H₂O

पण एकदम बाहेर पडलेली उष्णता पेशीच्या काही उपयोगाची नाही. त्यात एकही बॅटरी चार्ज होणार नाही, पेशी तेवढी शिजेल. त्यामुळे पेशी ग्लुकोज पायरी-पायरीने उतरवते.

पहिला टप्पा पेशीद्रव्यात, म्हणजे पेशीतल्या पातळ द्रवात घडतो. हे ग्लायकोलिसिस. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, त्यांना पायरुवेट म्हणतात. गंमत म्हणजे सुरुवातीला पेशीला पदरचे दोन एटीपी घालावे लागतात. पुढे चार मिळतात, तेव्हा निव्वळ कमाई दोनच. इथे ऑक्सिजन अजिबात लागत नाही.

या टप्प्यात आणखी एक गोष्ट हाती लागते आणि नंतर तीच जास्त मोलाची ठरते. ग्लुकोजमधून निघालेले इलेक्ट्रॉन उचलून नेणारा एक वाहक असतो, एनएडी. इलेक्ट्रॉन घेतले की तो एनएडीएच होतो. याला बॅटरी समजू नका. हा माल भरून निघालेला टेम्पो आहे. ग्लायकोलिसिसमध्ये असे दोन टेम्पो भरतात.

पायरुवेट मग तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात शिरतं. तिथे आधी त्यातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड बनून जातो आणि दोन टेम्पो भरतात. उरलेले दोन कार्बन क्रेब्स चक्रात फिरतात आणि तेही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. चक्रातले सगळे रेणू परीक्षेसाठी पाठ करावे लागतीलच, पण ते कशासाठी आहे हे एका वाक्यात सांगता येतं: कार्बनच्या सांगाड्यात उरलेले इलेक्ट्रॉन काढून टेम्पोत भरण्यासाठी. एका ग्लुकोजमागे या चक्रात सहा एनएडीएच भरतात, एफएडीएच₂ नावाचे दोन छोटे टेम्पो भरतात, आणि दोन एटीपीइतकी थेट कमाई होते.

इथवर ग्लुकोजचे सहाही कार्बन संपले. तुम्ही आत्ता सोडलेल्या श्वासात कदाचित दुपारच्या पोळीतला कार्बन असेल. आणि बॅटऱ्या? चारच भरल्या. खरी कमाई बारा टेम्पोंमध्ये अडकली आहे.

चार्जर कसा चालतो

तंतुकणिकेला दोन पटलं असतात. आतल्या पटलात प्रथिनांची एक रांग असते, ती इलेक्ट्रॉन वहन साखळी. टेम्पो तिथे माल उतरवतात. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात खालच्या ऊर्जेला उतरतात, आणि त्या उताराच्या जोरावर ही प्रथिनं प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, पटलाच्या आतून बाहेरच्या फटीत ढकलतात. बाहेर प्रोटॉनची गर्दी, आत टंचाई. पटलाच्या दोन बाजूंत सुमारे 0.15 व्होल्टचा फरक पडतो. ई-रिक्षाच्या 48 व्होल्टपुढे हे काहीच नाही असं वाटेल. पण पटलाची जाडी मीटरच्या अब्जांश भागांत, पाच-सहाच्या घरात, मोजावी लागते. तेवढ्याशा जाडीवर हा ताण प्रचंड आहे.

या गर्दीला परत आत यायला एक दार असतं: एटीपी सिंथेज. ते अक्षरशः फिरणारं यंत्र आहे. प्रोटॉन आत येताना त्याचा दांडा फिरवतात आणि प्रत्येक पूर्ण फेरीत तीन एडीपींना फॉस्फेट जोडला जातो. 1997 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या यंत्राच्या दांड्याला चमकणारा धागा चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना पाहिला. त्याच वर्षी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना या यंत्रावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. प्रोटॉनच्या गर्दीची मूळ कल्पना पीटर मिचेल यांची, त्यांचं नोबेल 1978 चं.

मग ऑक्सिजनचं काम काय? अगदी शेवटचं. साखळीच्या तळाशी पोचलेले, दमलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजन उचलतो, प्रोटॉन घेतो आणि पाणी होतो. अनेकांना वाटतं की आपण घेतलेला ऑक्सिजनच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतो. तसं नाही. श्वासातला ऑक्सिजन पाण्यात जातो. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ग्लुकोजमधून आणि वाटेत वापरलेल्या पाण्यातून आलेला असतो.

आता ते दुकान आठवा. भरलेलं एटीपी तंतुकणिकेच्या आत तयार झालं, काम मात्र बाहेर आहे. आतल्या पटलात एक प्रथिन असतं, ते एक एटीपी बाहेर सोडतं आणि त्याच वेळी एक एडीपी आत घेतं. एकास एक. रिकामी द्या, भरलेली घ्या.

या नियमाचा परिणाम मोठा आहे. तुम्ही सोफ्यावर पडून आहात, एटीपी फारसं खर्च होत नाही, त्यामुळे रिकाम्या बॅटऱ्याही परत येत नाहीत. सिंथेजला एडीपी मिळालं नाही की ते मंदावतं, प्रोटॉन बाहेर तुंबतात, इलेक्ट्रॉनची रांग थबकते आणि ग्लुकोजचं जळणं कमी होतं. जिना चढायला लागलात की एडीपी वाढतं आणि सगळी साखळी पुन्हा धावते. इंधन किती जाळायचं हे ताटातल्या पोळ्या ठरवत नाहीत, परत आलेल्या रिकाम्या बॅटऱ्या ठरवतात. जास्तीच्या पोळ्यांचं काय होतं ते कमरपट्टा सांगतो.

38, 36 की 30?

एनसीईआरटीच्या हिशेबात एका एनएडीएचमागे 3 आणि एका एफएडीएच₂मागे 2 एटीपी धरतात. दहा एनएडीएचचे 30, दोन एफएडीएच₂चे 4, थेट कमाई 4. एकूण 38. काही पुस्तकांत 36 दिसतात, कारण ग्लायकोलिसिसमधले दोन टेम्पो तंतुकणिकेच्या बाहेर भरलेले असतात. त्यांचा माल आत पोचवताना काही पेशींत तो छोट्या टेम्पोत उतरवून घ्यावा लागतो, तिथे दोनचं नुकसान.

पण 3 आणि 2 हे आकडे जुने, पूर्णांकात बसवलेले आहेत. पुढे प्रोटॉन मोजले गेले. एका एनएडीएचमुळे साधारण 10 प्रोटॉन ढकलले जातात. एक एटीपी तयार करून बाहेर पोचवायला सुमारे 4 लागतात: तीन सिंथेज फिरवायला आणि एक त्या अदलाबदलीच्या खर्चाला. दहाला चारने भागलं की अडीच. एफएडीएच₂ रांगेत मधूनच शिरतो, त्याचे प्रोटॉन 6, म्हणून दीड. आता दहा एनएडीएचचे 25, दोन एफएडीएच₂चे 3, थेट 4, एकूण 32. माल छोट्या टेम्पोत उतरवावा लागला तर 30.

परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा, त्यावर वाद घालत बसू नका. मात्र त्याच पुस्तकात या हिशेबाआधी काही गृहीतकं दिली आहेत, ती वाचा. सगळ्या क्रिया ओळीने होतात, मधला एकही रेणू दुसऱ्या कामाला वळवला जात नाही, असं धरून हा ताळेबंद मांडलाय, आणि सजीवात तसं घडत नाही हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. मुलं आकडा पाठ करतात आणि तो परिच्छेद सोडतात. माझ्या मते त्या पानावर सगळ्यात मोलाचा तोच आहे.

बाकी ऊर्जा कुठे जाते? जुना प्रमाणित आकडा धरला तर 32 गुणिले 7.3, म्हणजे सुमारे 234 किलोकॅलरी बॅटऱ्यांत गेल्या, 686 पैकी एक तृतीयांश. बरीचशी उरलेली ऊर्जा उष्णता होते. जानेवारीच्या सकाळी खच्चून भरलेला मेट्रोचा डबा उबदार वाटतो, त्यात या गळतीचा वाटा आहे.

साखळीचं शेवटचं टोक बंद झालं तर

मेट्रोचं दार बंद होताना तुम्ही जिन्यावरून पळत सुटता. पहिली दोन-तीन सेकंदं स्नायूंतलं तयार एटीपी पुरतं. पुढची आठ-दहा सेकंदं क्रिएटिन फॉस्फेट आपला फॉस्फेट देऊन एडीपी भरून काढतं, घरातल्या पॉवर बँकेसारखं. त्यापुढे तंतुकणिकांचा वेग कमी पडला की ग्लायकोलिसिस एकट्याने धावतं. अडचण टेम्पोंची होते. माल उतरवायला जागा नाही, आणि रिकामा एनएडी नसेल तर ग्लायकोलिसिसही थांबेल. म्हणून पेशी इलेक्ट्रॉन परत पायरुवेटवरच उतरवते आणि त्याचं लॅक्टेट होतं. यीस्ट हीच अडचण अल्कोहोल बनवून सोडवतं, आणि सोबत सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने नानचं पीठ फुगतं. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचा दोष मात्र लॅक्टेटला देऊ नका. ते तासाभरात निघून गेलेलं असतं. ते दुखणं स्नायूंना झालेल्या बारीक इजांचं.

धावपळीत ही तात्पुरती कमतरता असते. दिल्लीच्या हिवाळ्यात मात्र दरवर्षी एक वेगळी बातमी वाचायला मिळते: बंद खोलीत कोळशाची अंगीठी, म्हणजे आपली शेगडी, पेटवून कुटुंब झोपलं आणि सकाळी उठलं नाही. कारण कार्बन मोनॉक्साइड. अर्धवट जळलेल्या कोळशातून तो निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. शिवाय इलेक्ट्रॉन साखळीच्या शेवटच्या प्रथिनातही अडकतो, बरोबर त्याच जागी जिथे ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन उचलायचे असतात.

आता वरची सगळी रांग मागे लावून पाहा. शेवटी इलेक्ट्रॉन उचलायला कोणी नाही, म्हणून रांग थांबते. प्रोटॉन ढकलले जात नाहीत, सिंथेज फिरत नाही. रक्तात ग्लुकोज भरपूर आहे, टेम्पो भरलेले उभे आहेत, आणि एका ग्लुकोजमागे 30 ऐवजी 2 एटीपी मिळताहेत. स्नायू काही काळ त्यावर निभावतील. मेंदूला ते जमत नाही, त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतो. आधी डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, मग गुंगी. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, आणि बाहेरच्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर संशय कार्बन मोनॉक्साइडचाच घ्यायचा.

घरातल्या पल्स ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. बोटाला लावायचं हे यंत्र रक्ताचा रंग बघतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला लालच दिसतं. त्यामुळे माणूस गुदमरत असताना पडद्यावर 98 दिसू शकतं. दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढायचं आणि 112 ला फोन करायचा. रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजनचा मास्क लावतात. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.